बैठकीची वेळ ठरवण्याचे काम सहकाऱ्याकडे सोपवताना

नवा ईमेल सुरू करू नका. चालू पत्रव्यवहारातच सर्वांना उत्तर देताना सहकाऱ्याचा पत्ता ‘प्रति’मध्ये घाला, कारण ‘सीसी’मध्ये घातलेल्या व्यक्तीला आपण केवळ वाचायचे आहे असे वाटते आणि उत्तर कोणीच देत नाही. मग त्यांची ओळख, काम आणि मर्यादा एकत्र लिहा: ‘प्रकल्पाचे समन्वयन पाहणाऱ्या माझ्या सहकारी येथे सहभागी होत आहेत, पुढील आठवड्यातील पाऊण तासाच्या बैठकीची वेळ त्या ठरवतील आणि व्हिडिओची लिंकही त्याच पाठवतील, कराराच्या मसुद्याविषयी मात्र कृपया मलाच लिहावे.’ यातला शेवटचा भाग नवे लोक हमखास गाळतात आणि मग दरांचे प्रश्नही सहकाऱ्याकडे जातात. तुम्ही आधी सुचवलेल्या वेळा अजून कायम आहेत की रद्द झाल्या, हेही त्याच उत्तरात स्पष्ट करा.