कालनिर्णय, कालनिश्चिती की कालमापन?

«आमच्या वाड्यातल्या एका सागवानी फळीवर गणपतीचं रंगीत चित्र आहे. घरात सगळे त्याला पेशवाईतलं म्हणतात. पुतण्या म्हणतो, कार्बन डेटिंग केलं की नक्की कळेल. या डेटिंगला मराठीत काय म्हणायचं? कालनिर्णय म्हटलं की सोलापुरात भिंतीवरचं कॅलेंडरच डोळ्यांपुढे येतं.»

कॅलेंडर आठवतं, पण दोन्हींचं लिंग वेगळं आहे. दुकानातून आपण ‘कालनिर्णय आणलं’ म्हणतो, अभ्यासक मात्र ग्रंथाचा ‘कालनिर्णय केला’ असं लिहितात. शब्द मुळात धर्मशास्त्रातला. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी याच नावाचा ग्रंथ लिहिला, आणि त्यात कोणतं व्रत कोणत्या तिथीला करावं याचा खल आहे. वस्तू किती जुनी, हा अर्थ पुढे इतिहासकारांनी त्याला दिला. त्यात ‘निर्णय’ आहे, म्हणजे दोन्ही बाजू ऐकून कुणीतरी निकाल देतो. ‘मापन’ म्हटलं की हातात उपकरण आणि आकडा हवा. हा फरक धरून ठेवला की तुमच्या फळीचंही काम सोपं होतं, कारण पद्धतींचा फरकही तिथेच आहे.

कार्बन डेटिंगमध्ये मोजतात तो किरणोत्सारी कार्बन-१४. त्या पद्धतीला मी बिनदिक्कत ‘कालमापन’ म्हणेन. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेतं. खोडात दरवर्षी लाकडाचं एक कडं वाढतं. ते तयार झालं की त्यात नवा कार्बन येत नाही, आणि आतला कार्बन-१४ हळूहळू घटत जातो. तो निम्मा व्हायला साधारण ५७३० वर्षं लागतात. आता हिशेब करा: दोनशे वर्षांत घट होते जेमतेम अडीच टक्क्यांची. तेवढीही मोजता येते, नमुनाही चिमूटभर पुरतो. अडचण वेगळीच आहे. हवेतला कार्बन-१४ कायम सारखा नव्हता. सूर्याच्या कमी-जास्त सक्रियतेमुळे तो हलत राहिला, आणि कारखान्यांत दगडी कोळसा जळू लागल्यावर जुना, कार्बन-१४ नसलेला कार्बन हवेत मिसळला. म्हणून १६५० ते १९५० या तीनशे वर्षांतली लाकडं प्रयोगशाळेत एकमेकांसारखीच दिसतात. समजा अहवालात ‘१५० ± ३०’ आलं. ही वर्षं १९५० पासून मागे मोजायची असतात, म्हणून वाचणारा लगेच १८०० काढून मोकळा होतो. पण हवेतला हा चढउतार धरून केलेल्या दुरुस्तीच्या आलेखावर हाच आकडा साधारण १६७० पासून विसाव्या शतकापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पसरतो. त्यात पेशवाई आली, इंग्रजी अमल आला, तुमच्या आजोबांचा जन्मही आला. पुतण्याचे पैसे वाचवा!

शिवाय मापन होतं ते लाकडाचं, चित्राचं नव्हे. सागाच्या गाभ्यातली कडी झाड तोडण्याच्या कितीतरी आधी तयार झालेली असतात. त्यात आपल्याकडे पडलेल्या वाड्याची तुळई नव्या घराला लावायची रीतच. माझ्या स्वतःच्या घराची चौकट एका पाडलेल्या वाड्यातून आली. तिच्यावर जुन्या कडीकोयंड्याची भोकं आहेत, आणि त्या भोकांशी माझ्या दाराचा काही संबंध नाही.

वर्षकड्यांचं तसंच. फळीचा आडवा काप घासून भिंगाखाली धरला की सागाची कडी बऱ्यापैकी दिसतात, कारण वाढीच्या सुरुवातीला मोठी छिद्रं आणि पुढे बारीक छिद्रं असा क्रम असतो. पण कडी नुसती मोजून भागत नाही. रुंद-अरुंद कड्यांची ओळ त्याच हवामानातल्या, साल माहीत असलेल्या ओळीशी जुळवावी लागते. त्यासाठी फळीवर पुष्कळ कडी लागतात, वीस-पंचवीसांत जुळणी योगायोगानेही होते. आणि सुतार सालीलगतचं फिकट, कीड लागणारं लाकूड आधीच काढून टाकतो, म्हणजे नेमकी शेवटची वर्षं गेली. तरीही उरलेल्या शेवटच्या कड्याचं साल हाती आलं तर एक गोष्ट पक्की: चित्र त्याच्या आधीचं नाही. डच चित्रकार बॉश १५१६ मध्ये वारला, आणि पूर्वी त्याचं समजलं जाणारं, बायबलमधल्या काना गावच्या लग्नाचं चित्र ज्या ओक फळीवर आहे ते झाड त्याच्या मृत्यूनंतरही वाढत होतं, हे कड्यांवरूनच उघड झालं. इथे शब्द हवा तर ‘वर्षकड्यांवरून कालनिश्चिती’, पण एका बाजूचीच.

तुमच्या फळीबाबत माझी भिस्त आहे निळ्या रंगावर. गणपतीमागचं आकाश निळं असेल, तर ती निळाई कसली आहे ते पाहायला सांगा. लाजवर्द दगड कुटून केलेला असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली कण ओबडधोबड, लहान-मोठे दिसतात आणि मध्ये दगडातले पांढरे कणही सापडतात. कारखान्यातला तोच रंग असेल तर कण अगदी बारीक आणि एकसारखे असतात. हा कृत्रिम रंग फ्रान्समध्ये १८२८ च्या सुमारास तयार झाला. पुढे कपड्यांना द्यायची नीळ म्हणून घराघरांत गेला, तोच हा. पेशवाई संपली १८१८ मध्ये. म्हणजे चित्राच्या मूळ थरात ही नीळ सापडली, तर पेशवाईचा दावा तिथेच पडतो. बर्लिनमध्ये १७०४ ते १७१० च्या दरम्यान निघालेला प्रशियन निळा सापडला तर मात्र काहीच सुटत नाही. तो पेशवाईतही असू शकतो आणि परवाचाही.

‘मूळ थरात’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. गणेशोत्सवात कुणी हौसेने चित्र पुन्हा रंगवलं असेल, तर तपासायला घेतलेला निळा कण त्या हौसेचा असेल. त्यासाठी टाचणीच्या टोकाएवढा तुकडा कडेने उभा धरून पाहतात: लाकूड, अस्तर, रंग, रोगण. दोन रंगांच्या मध्ये मळ किंवा जुन्या रोगणाचा थर दिसला, तर वरचा रंग नंतरचा.

राहिली शैली. पगडीचा घाट, सोंडेचं वळण, नेसण्याची पद्धत यावरून जाणकार काळ सांगतात, आणि पुष्कळदा बरोबर सांगतात. त्याला मी ‘अदमास’ म्हणेन, कारण शैलीची नक्कल होते, आणि गावाकडचा चित्रकार आजोबांनी शिकवलेलं वळण पन्नास वर्षं चालवतो. जर्मनीत बेल्ट्राकी या नकलाकाराचं, १९१४ सालचं म्हणून आलेलं लाल घोड्यांचं चित्र २००६ मध्ये कोट्यवधींना विकलं गेलं. शैलीने तज्ज्ञ फसले. पांढऱ्या रंगात टायटॅनियम निघालं, आणि तो रंग चित्रकारांच्या हाती १९१४ नंतर आला. बेल्ट्राकीने नळी घेतली होती जस्ताच्या पांढऱ्याची. तिच्यात टायटॅनियम मिसळलेलं आहे, असं वेष्टणावर लिहिलेलंच नव्हतं.

आता शेवटचा शब्द, जो तुम्ही विचारला नाहीत पण लागेल. वस्तू ज्याच्या आधीची किंवा ज्याच्या नंतरची असू शकत नाही, अशा हद्दीला मराठी इतिहासलेखनात ‘पूर्वमर्यादा’ आणि ‘उत्तरमर्यादा’ म्हणतात. ‘पूर्वमर्यादा १८२८’ म्हणजे चित्र १८२८ नंतरचं, पण घाईत वाचणारा ‘१८२८ पूर्वीचं’ असं समजतो. माझ्या ओळखीत शिकलेली माणसंही तिथे अडखळली आहेत. म्हणून चित्राखाली कागद लावाल तेव्हा एवढंच लिहा: ‘रंगावरून पाहता १८२८ च्या आधीचं नाही’. नीळ सापडली नाही, तर तीही ओळ लिहू नका. न सापडणं म्हणजे पेशवाई नव्हे, तपासलेल्या तुकड्यात तो रंग नव्हता इतकंच.