ड्यू डेट एकदाच पडते

अगं, तुझी फाइल काल रात्री उघडली आणि बायरने पैसे थकवल्याचं इन्शुरन्सवाल्यांना कळवायच्या नोटिसीचा मसुदा बघून आधी वैतागच आला, मग तुझा खालचा मेल वाचला, "नक्की कुठली तारीख लिहू तेच कळत नाहीये", आणि म्हटलं बसून नीट लिहावं, कारण हाच गोंधळ मी केला होता आणि मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या इन्व्हॉइसपुढे तू ड्यू डेट लिहिलीयस ११ एप्रिल. कुठून आली ही तारीख? बीएल, म्हणजे माल जहाजावर चढवल्याचं बिल ऑफ लेडिंग, १० जानेवारीचं, टर्म्स बीएलपासून साठ दिवस, म्हणजे ड्यू डेट ११ मार्च. ११ एप्रिल ही बायरने मार्चमध्ये मेल करून दिलेली वायद्याची तारीख आहे, आपल्या सेल्सवाल्याने त्याला "ओके" असं एका शब्दात उत्तर दिलं आणि तू लेजरमधली तारीख बदललीस. बायरचा वायदा म्हणजे ड्यू डेट नव्हे. ड्यू डेट एकदाच पडते, माल चढला आणि टर्म्स ठरल्या की पडली, नंतर कोणी कितीही गोड बोललं तरी ती हलत नाही.

तुला वाटेल एका महिन्याने काय बिघडतं. आता बायरने पैसे बुडवले तर भरपाई देणारी ती क्रेडिट इन्शुरन्सची पॉलिसी उघड आणि मॅक्झिमम एक्स्टेन्शन पिरियडचं कलम वाच. तुमच्याकडे तो साठ दिवस आहे, मूळ ड्यू डेटपासून. मूळ हा शब्द तिथे उगाच घातलेला नाही. अर्थ असा की पैसे थकल्यावर साठ दिवस तू बायरच्या मागे लाग, थोडी सवलत दे, तोवर इन्शुरन्सवाले मध्ये पडत नाहीत. साठ दिवस संपले की दोन गोष्टी घडतात, कोणाच्या पत्राची वाट न बघता. एक म्हणजे त्या बायरला पाठवलेल्या पुढच्या मालाचं कव्हर आपोआप थांबतं. दुसरं म्हणजे ओव्हरड्यू कळवायचे तीस दिवस मोजायला सुरुवात होते. आणि हे सगळं चालतं ते सगळ्यात जुन्या न भरलेल्या इन्व्हॉइसवर, नव्यावर नाही.

तुझेच आकडे घेतो. पहिलं इन्व्हॉइस ४० हजार डॉलरचं, ड्यू ११ मार्च, साठ दिवस संपले १० मे रोजी. दुसरं ३५ हजारांचं, बीएल ५ फेब्रुवारी, ड्यू ६ एप्रिल. तिसरं २५ हजारांचं, बीएल २० मार्च, ड्यू १९ मे. हे तिसरं पाठवलं तेव्हा पहिलं फक्त नऊ दिवस थकलेलं होतं, साठ दिवसांच्या आत, म्हणून ते कव्हरमध्ये आहे, आणि तिन्ही मिळून एक लाख होतात, तेवढंच या बायरसाठी पॉलिसीतलं आपलं लिमिट आहे. इथपर्यंत ठीक. चौथं ३० हजारांचं, बीएल १४ मे. १० मेला कव्हर थांबलं आणि १४ मेला माल जहाजावर चढला. चार दिवस! तुझ्या ११ एप्रिलने मोजलं तर साठ दिवस १० जूनला संपतात आणि चौथं इन्व्हॉइस आत बसतं, म्हणून तुझ्या मसुद्यात चारही इन्व्हॉइस क्लेमला धरलीयत. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहितीये. पण क्लेम तपासणारा माणूस पहिल्यांदा बीएल मागतो, त्यावरची तारीख वाचतो, त्यात साठ मिळवतो, आणि तुझ्या तक्त्यातली तारीख वेगळी दिसली की तो विचारतो ही कोणी बदलली. त्यानंतर तुझ्या खऱ्या कागदांकडेही तो संशयाने बघतो.

आणि तीस दिवसांचं काय? १० मेपासून तीस दिवस म्हणजे ९ जून. आज ४ जून आहे. तू लिहिलंयस की बायर १५ जूनला पैसे पाठवतो म्हणालाय, तोवर थांबूया, उगाच नोटीस देऊन संबंध का बिघडवायचे. नाही. थांबायचं नाही.

आता माझं सांगतो. मीही असाच थांबलो होतो. बायर जुना होता, दर वेळी उशिरा पण द्यायचा, आणि मला भीती होती की ओव्हरड्यू कळवला की लिमिट रद्द होईल, मग ऑर्डर बंद, मग सगळे माझ्यावर येतील. म्हणून दर महिन्याला नवा वायदा आला की मी लेजरमध्ये तारीख पुढे सरकवायचो, रिपोर्टमध्ये काहीच थकलेलं दिसायचं नाही, आणि माल जात राहिला. पाच महिन्यांनी बायर दिवाळखोरीत गेला. मी क्लेम टाकला, इन्शुरन्सवाल्यांनी बीएल मागितली आणि दोन ओळींचं उत्तर आलं, ओव्हरड्यू मुदतीत कळवला नाही, आणि नंतरची शिपमेंट्स कव्हर थांबल्यानंतरची आहेत. एक पैसा मिळाला नाही. त्या वेळी वरून मला स्पष्ट सांगितलं होतं की बायरला दुखवू नकोस, हे खरंय, आणि तारखा लपवायचा माझा हेतू नव्हता, मी फक्त बायरच्या शब्दाप्रमाणे वही ठेवत होतो, हेही खरंय. तरी पत्र लिहायचं काम माझं होतं आणि ते मी लिहिलं नाही. तेव्हापासून मी कुठल्याच बायरला तोंडी मुदतवाढ दिली नाही, लोक मला अडेल म्हणतात, म्हणू देत. ड्यू डेट एकदाच पडते हे मी जिथे काम केलं तिथे भांडून सिस्टिममध्ये लॉक करून घेतलं. मूळ तारखेचा कॉलम कोणालाच बदलता येणार नाही, वायदे शेजारच्या वेगळ्या कॉलममध्ये. तुझ्या एक्सेलमध्येही आजच तेवढं कर.

मुळात एक समज काढून टाक. ओव्हरड्यूची नोटीस म्हणजे क्लेम नव्हे. तू मसुद्याचं नाव "क्लेम" दिलंयस आणि त्यात नुकसानीची रक्कम मागितलीयस. आत्ता फक्त कळवायचंय की हा बायर, ही इन्व्हॉइस, या मूळ तारखा, एवढे थकलेत, आम्ही आजवर हे केलं आणि पुढे काय करावं ते सांगा. क्लेम पॉलिसीत ठरलेला थांबायचा काळ, म्हणजे वेटिंग पिरियड, संपल्यावर, त्याचा फॉर्म वेगळा, त्याची मुदतही वेगळी, ती आत्ताच पॉलिसीत बघून कॅलेंडरवर टाक. बायर मध्येच दिवाळखोर ठरला तर बहुतेक वेळा एवढं थांबावं लागत नाही, पण आज तसं काही नाही, हा नुसता पैसे देत नाहीये.

मग ते २० हजार. २५ मेला आले आणि बायरने लिहिलं "चौथ्या इन्व्हॉइसपोटी". चौथं तर अजून ड्यूही नाही, १३ जुलैला होईल, मग जुने सोडून नव्याचे पैसे कोण भरतं? ज्याला नवा माल सोडवून घ्यायचाय तो! तुझ्या मेलमध्ये एक वाक्य तू सहज लिहून गेलीस की चौथ्याची ओरिजिनल बीएल अजून आपल्या कपाटात आहेत. हेच तुझ्या फाइलमधलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. ते कागद कुरिअर करू नकोस. ओरिजिनलशिवाय कॅरियरने माल द्यायचा नसतो, म्हणजे ज्या ३० हजारांना कव्हर नाही तो माल अजून आपल्या हातात आहे. दुसरा बायर शोधता येईल, परत आणता येईल, किंवा याच बायरला सांगता येईल की पूर्ण पैसे बँकेत जमा झाल्यावरच कागद. बँकेतून पैसे पाठवल्याची स्विफ्टची कॉपी मेलवर आली म्हणजे पैसे आले असं नाही, खात्यात क्रेडिट दिसलं पाहिजे. पण बंदरात माल पडून राहिला की डिमरेजचा खर्च चढतो, म्हणून हा निर्णय या आठवड्यातच हवा, आणि काय करतेयस हे इन्शुरन्सवाल्यांना आधी कळवून, कारण नुकसान कमी करणं हीसुद्धा पॉलिसीतली आपली जबाबदारी असते.

आणि ते २० हजार पॉलिसीप्रमाणे सगळ्यात जुन्याला लागतात, बायरने काहीही लिहिलं असलं तरी. तू ते चौथ्याला लावून कव्हरमधली रक्कम पूर्ण एक लाख दाखवलीयस. ते काढ. पहिलं आता २० हजार, दुसरं ३५, तिसरं २५, एकूण ८० हजार, तुमचा विम्याचा हिस्सा नव्वद टक्के, म्हणजे पुढे सगळं मान्य झालं तर ७२ हजार. उरलेले ८ हजार आपले, ते कोणी देणार नाही. तू दाखवलेल्यापेक्षा आकडा कमी दिसतो म्हणून घाबरू नकोस, हाच टिकणारा आहे.

तिसऱ्या इन्व्हॉइसबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस आणि मला खटकलं ते हे. २ जूनला बायरने मेल केलाय की त्या मालाची क्वालिटी बरोबर नव्हती. तू तो नोटिसीत घातला नाहीस, बहुधा भीतीने. घाल. वाद असेल तर तो मिटेपर्यंत त्या रकमेचा क्लेम अडकतो हे खरं, पण लपवलेला मेल नंतर सापडला तर बाकीच्या दोन इन्व्हॉइसवरही बोट ठेवलं जाईल. आणि त्याच्या शेजारी बायरचाच २८ एप्रिलचा मेल लाव, "माल मिळाला, सगळं व्यवस्थित". करार आंतरराष्ट्रीय विक्रीच्या १९८० च्या यूएन कन्व्हेन्शनखाली येत असेल तर बघ, त्याच्या ३८ आणि ३९ कलमांत बायरने माल लवकर तपासायचा आणि दोष असेल तर वाजवी वेळेत, नेमका काय ते सांगून कळवायचा असं आहे. माल व्यवस्थित म्हणाल्यावर पाच आठवड्यांनी, पैसे मागितल्यानंतर आठवलेला दोष, आणि तोही नेमका कुठला ते न सांगता! हे दोन मेल तारखेने एकाखाली एक ठेव, तुला वेगळं भाष्य करावं लागणार नाही.

तसंच "हा आमचा जुना आणि विश्वासू ग्राहक असून त्यांना तात्पुरती अडचण आहे" हे वाक्य खोड. तुला काय माहीत तात्पुरती आहे की नाही? त्याऐवजी कुठल्या दिवशी फोन केला, कोणाशी बोलणं झालं, त्याने काय तारीख दिली, त्या तारखेला काय झालं, एवढंच लिही. सेल्सवाल्याचा तो "ओके"सुद्धा लिही, तारखेसह. साठ दिवसांच्या आतलाच वायदा आहे तो, त्याने बिघडत नाही, लपवला तर बिघडेल.

आता क्रम बदल. वर चार ओळी, बायर, पॉलिसी नंबर, लिमिट, एकूण थकबाकी. मग तक्ता, बीएल तारीख, मूळ ड्यू डेट, रक्कम, आलेले पैसे. मग घडलेलं तारखेने. चौथं इन्व्हॉइस तक्त्यात राहू दे, पण त्यापुढे स्पष्ट लिही की हे १० मेनंतरचं आहे, ओरिजिनल बीएल आपल्या ताब्यात आहेत, आणि पुढच्या सूचनेची वाट बघतोय. पाठवायच्या आधी मला एकदा दाखव, पण मी उत्तर द्यायला उशीर केला तर माझ्यासाठी थांबू नकोस, उद्या संध्याकाळपर्यंत मेल गेला पाहिजे आणि पोच मागून घे. आणि सेल्सवाल्याला आत्ताच फोन करून सांग की त्या बायरच्या कुठल्याही मेलला तुला विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.