अग्रिम याचना की आगाऊ हप्ता?

प्रश्न: बहीण कॉमर्स करतेय. तिच्या नोट्समध्ये कॉल्स इन अॅडव्हान्सला ‘अग्रिम याचना’ लिहिलंय, क्लासचे सर ‘आगाऊ हप्ता’ म्हणतात. बरोबर कुठलं? आणि याचना कंपनीनेच केली असेल तर व्याज पण कंपनीच का देते? दोघांचाही गोंधळ झालाय.

गोंधळ त्या शब्दानेच केलाय, तुमची चूक नाही. ‘याचना’ हिंदी पुस्तकांत कॉलसाठी सर्रास चालतो आणि तिथून तो आपल्याकडच्या नोट्समध्ये येऊन बसलाय, पण मराठी कानाला याचना म्हटलं की वाडगा घेऊन उभा राहिलेला याचकच दिसतो. कंपनी कॉल करते, म्हणजे शेअरच्या किमतीतला राहिलेला हप्ता भरायला सांगते, तेव्हा ती हक्काने पैसे मागते, नाही भरले तर शेअर जप्त होऊ शकतात, मग ती याचना कसली? ‘मागणी’ चालेल, अर्थ अगदी चपखल आहे, फक्त ‘आगाऊ मागणी’ म्हटलं की पुन्हा तोच घोटाळा, म्हणजे कंपनीनेच आधी मागितले असं वाटतं. खरं तर कंपनीने अजून काही मागितलेलंच नाहीये. आगाऊ आहे ते भरणं, मागणं नव्हे. लग्नाच्या भाषेत सांगायचं तर मागणी यायच्या आधीच होकार कळवलाय!

म्हणून सरांचा ‘आगाऊ हप्ता’ जास्त बरा, आणि मला विचाराल तर ‘हप्त्यांपोटी आगाऊ जमा’ सगळ्यात चोख. मी सुरुवातीला लक्ष्मी रोडवरच्या एका ऑफिसात हिशेब लिहायला होतो, तिथले म्हातारे हिशेबनीस व्हाउचरवर हेच लिहायचे आणि मला बजावायचे, ‘पैसा आलाय, हप्ता यायचाय, तोवर तो आपला नाही.’ ‘पोटी’ या एका शब्दात सगळं येतं बघा, पैसे कशासाठी आलेत ते कळतं आणि ते अजून तिथे लागलेले नाहीत हेही कळतं. (विसार म्हणू नका, तो सौदा पक्का करायला देतात. उचलही नको, ती घेणाऱ्याच्या बाजूने बोलते.)

आता व्याजाचं. पैसा कंपनीच्या हातात आलाय पण भांडवल म्हणून मागवलेला नाही, म्हणजे तोवर ते कंपनीवरचं देणं झालं, आणि दुसऱ्याचा पैसा वापरला तर व्याज द्यायचं हा सरळ व्यवहार आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ५० प्रमाणे आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, परवानगी असेल तरच कंपनी असे पैसे घेऊ शकते, आणि तो हप्ता मागितला जाईपर्यंत त्या रकमेवर मतदानाचा हक्क मिळत नाही. दर किती? कायद्यासोबतच्या टेबल एफ या नमुना आर्टिकल्सप्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त १२ टक्के, तेही संचालक मंडळ आणि तो भागधारक यांच्यात ठरेल तसं, आणि सर्वसाधारण सभेने वेगळं ठरवलं तरच त्याच्या वर. म्हणजे १२ ही कमाल मर्यादा आहे, हे अर्धे लोक विसरतात आणि आपोआप लावून मोकळे होतात. (अप्पा बळवंत चौकातून जुनं पुस्तक आणलं असेल तर त्यात ६ टक्के दिसेल, घाबरू नका, तो १९५६ च्या कायद्याच्या टेबल ए चा आकडा.) दुसऱ्या बाजूला, हप्ता थकवणाऱ्याकडून कंपनी व्याज घेते ते टेबल एफ प्रमाणे कमाल १० टक्के. दोन आकडे शेजारीशेजारी असल्यामुळे अदलाबदल हमखास होते.

बहिणीला हे एक उदाहरण करून दाखवा. १० रुपयांचा शेअर, अर्जाला ३, वाटपाला २, पहिला हप्ता ३, शेवटचा २. कंपनीचे एकूण १०,००० शेअर वाटलेले. काकांकडे ५०० आहेत आणि त्यांनी १ मे ला वाटपाच्या पैशांबरोबरच पुढचे दोन्ही हप्ते भरून टाकले, ५०० गुणिले ५, म्हणजे २,५०० रुपये आगाऊ. पहिला हप्ता देय १ ऑगस्टला, शेवटचा १ नोव्हेंबरला, दर ठरला १२ टक्के.

इथे मुलं सरसकट २,५०० वर सहा महिन्यांचं व्याज काढतात, उत्तर १५० येतं आणि चुकतं. का, तर पहिल्या हप्त्याचे १,५०० रुपये १ ऑगस्टलाच वळते होतात, त्या दिवसापासून ते आगाऊ राहतच नाहीत. म्हणून १,५०० वर तीन महिने, ४५ रुपये, आणि शेवटच्या हप्त्याच्या १,००० वर पूर्ण सहा महिने, ६० रुपये. मिळून १०५. ताळा करायचा असेल तर उलट्या बाजूने जा: पहिले तीन महिने पूर्ण २,५०० कंपनीकडे होते त्याचे ७५, नंतरचे तीन महिने फक्त १,००० उरले त्याचे ३०. पुन्हा १०५.

नोंदींमध्ये मे महिन्यात बँक नावे आणि आगाऊ हप्ते खातं जमा, २,५००. ऑगस्टला पहिला हप्ता सगळ्यांचा मिळून ३०,००० देय होतो, बँकेत मात्र २८,५०० च येतात, बाकीचे १,५०० आगाऊ खात्याला नावे टाकून वळते करायचे. नोव्हेंबरला २०,००० पैकी १९,००० बँकेत, १,००० वळते, आणि आगाऊ खातं शून्यावर. मी स्वतः पहिल्याच वर्षी अशाच हिशेबात ऑगस्टमध्येच सगळे २,५०० वळते करून बसलो होतो, तर पहिल्या हप्त्याच्या खात्यात जमेला १,००० लटकत राहिले आणि आगाऊ खातं आधीच रिकामं. हप्त्याच्या खात्यात अशी उलटी शिल्लक दिसली की समजायचं, पुढच्या हप्त्याचे पैसे आधीच्यात घातलेत.

मधे ३१ मार्च आला तर वळते न झालेले पैसे ताळेबंदात शेअर भांडवलात मिळवायचे नाहीत, इतर चालू देण्यांमध्ये दाखवायचे, देय झालेलं पण न दिलेलं व्याज असेल तर तेही तिथेच.

आणि लाभांश, हेही विचारतील. टेबल एफ प्रमाणे आगाऊ भरलेली रक्कम लाभांशासाठी भरलेली धरत नाहीत. म्हणजे समजा सप्टेंबरमध्ये लाभांश जाहीर झाला तर काकांना शेअरमागे १० भरूनही ८ वरच मिळणार, इतरांसारखाच. पण त्यांचं व्याज नफ्यावर अवलंबून नाही, कंपनी तोट्यात असली तरी ते खर्च म्हणून द्यावंच लागतं.

परीक्षेत मात्र बहिणीला म्हणावं, प्रश्नपत्रिकेत जो शब्द छापलाय तोच लिही. ‘याचना’ असेल तर याचना, उगाच तपासणाऱ्याशी भाषेवरून वाद नको.