शब्दचर्चा: फेलोशिपला पगार म्हणावं की विद्यावेतन?

प्रश्न: पीएच.डी. करताना जेआरएफचे दरमहा पैसे मिळतात, त्याला मराठीत पगार म्हणायचं, विद्यावेतन म्हणायचं की अधिछात्रवृत्ती? बँकेच्या अर्जात 'वेतन' लिहिलं तर चुकेल का? आणि त्यात दरवर्षी वाढ मिळते, ती 'वेतनवाढ' का?

उत्तर: लिहिताना 'अधिछात्रवृत्ती' हाच शब्द वापरावा. बोलताना 'फेलोशिप' म्हणावं, सगळे तसंच म्हणतात. 'विद्यावेतन' हा शब्द जवळचा असला तरी नेमका नाही, आणि 'वेतन' किंवा 'पगार' अर्जात लिहिणं चुकीचंच ठरेल. कारण समजण्यासाठी या पैशांमागे कोणतं नातं आहे ते बघावं लागतं.

वेतन हा कामाचा मोबदला असतो, म्हणजे त्यामागे मालक आणि नोकर असं नातं असतं. 'वृत्ती'चं तसं नाही. जुन्या मराठीत जोशीवृत्ती, कुलकर्णवृत्ती म्हणत, तेव्हा वृत्ती म्हणजे उपजीविकेसाठी लावून दिलेलं साधन. छात्राला शिकता यावं म्हणून दिलेली ती छात्रवृत्ती. पदव्युत्तर शिक्षण संपवून संशोधन करणारा तो अधिछात्र, म्हणून त्याची अधिछात्रवृत्ती. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या संशोधन योजनांच्या नावांतही हाच शब्द आहे, तेव्हा तो केवळ कोशात पडून राहिलेला नाही. विद्यावेतन शोभतं ते आयटीआयमधून कारखान्यात गेलेल्या शिकाऊ उमेदवाराला, इंटर्नला, निवासी डॉक्टरला. तिथे शिकणं आणि प्रत्यक्ष काम करणं एकत्र चालतं, म्हणून शब्दातही विद्या आणि वेतन दोन्ही आलं आहे.

आता वाढीबद्दल. इथे 'वेतनवाढ' हा शब्द सर्वांत जास्त दिशाभूल करतो, कारण अधिछात्रवृत्तीत वार्षिक वाढ नसतेच. सहायक प्राध्यापकाला सातव्या वेतन आयोगानुसार वर्षाला सुमारे ३ टक्के वेतनवाढ मिळते आणि महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. अधिछात्राला महागाई भत्ता नाही आणि वार्षिक वेतनवाढही नाही. त्याची रक्कम फक्त दोन कारणांनी वाढते.

पहिलं कारण म्हणजे सरकारने दरच बदलणं. याला 'दरसुधारणा' किंवा 'सुधारित दर' म्हणावं. जेआरएफचा दर २०१४ मध्ये २५,००० झाला, १ जानेवारी २०१९ पासून ३१,००० आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,०००. मधल्या वर्षांत एक रुपयाही वाढत नाही. २०२३ चे आदेश वर्षाच्या मध्यावर किंवा त्यानंतर निघाले, पण दर जानेवारीपासून लागू होते. म्हणून मागच्या महिन्यांचे दरमहा ६,००० रुपये आणि त्यावरचं घरभाडं नंतर एकदम जमा झालं. त्या रकमेला 'फरक' किंवा 'थकबाकी' म्हणतात. तिला 'बोनस' समजू नये.

दुसरं कारण म्हणजे जेआरएफचा एसआरएफ होणं, म्हणजे कनिष्ठ अधिछात्र वरिष्ठ होणं. हे साधारण बढतीसारखं आहे आणि पाच वर्षांत एकदाच होतं. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि बाहेरचा एक तज्ज्ञ अशी तीन जणांची समिती कामाचं मूल्यमापन करते. काम समाधानकारक वाटलं तर ३७,००० चे ४२,००० होतात. दोन वर्षं भरली म्हणून ही वाढ आपोआप मिळत नाही. समितीची बैठक लांबली किंवा तिचा अहवाल विद्यापीठाने पोर्टलवर चढवला नाही, तर तिसऱ्या वर्षातही खात्यात जुन्याच दराने पैसे येत राहतात. हे ओळखायचं तर तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्याची जमा रक्कम बघावी. यूजीसीच्या अधिछात्रवृत्तीला विद्यापीठाने दर महिन्याला पुष्टीही द्यावी लागते, त्यामुळे एखाद्या महिन्याची रक्कम आलीच नाही तर आधी बँकेत न जाता विद्यापीठाच्या संबंधित कक्षात चौकशी करावी.

दर स्थिर राहिल्याने फरक किती पडतो, हे एका तुलनेत दिसतं. जानेवारी २०१९ मध्ये नव्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० होतं आणि केंद्राच्या दराने १२ टक्के महागाई भत्ता धरून ६४,६२४ रुपये होत. चार वेतनवाढींनंतर, जानेवारी २०२३ मध्ये, मूळ वेतन ६४,९०० झालं आणि ४२ टक्के भत्त्यासह ९२,१५८. घरभाडं बाजूला ठेवलं तरी ही सुमारे ४३ टक्क्यांची वाढ आहे. त्याच चार वर्षांत जेआरएफचा दर सुमारे १९ टक्क्यांनी वाढला, आणि तोही चौथं वर्ष सरल्यावर एका फटक्यात. याच काळात एसआरएफ झालेल्याची रक्कम ३१,००० वरून ४२,००० वर गेली, म्हणजे साधारण ३५ टक्के वाढ. पण त्यातले ५,००० रुपये आयुष्यात एकदाच मिळणाऱ्या बढतीचे आहेत. महागाईची भरपाई आपोआप व्हावी अशी कोणतीही व्यवस्था अधिछात्रवृत्तीत नाही आणि ही मला तिच्यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

कराच्या बाबतीत उलट आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१६) नुसार शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली शिष्यवृत्ती पूर्ण करमुक्त आहे आणि तिला रकमेची मर्यादा नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होऊन कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून खालचा हिशेब आर्थिक वर्ष २०२५-२६ चा, जुन्या कायद्यातला आहे. 'शिक्षणाचा खर्च' म्हणजे फक्त फी असा संकुचित अर्थ न्यायालयांनी लावलेला नाही. शिकताना राहण्या-जेवण्याचा खर्चही त्यात येतो.

समजा, १ ऑगस्ट २०२३ ला कोल्हापुरात एकजण जेआरएफ म्हणून रुजू झाला. कोल्हापूर घरभाड्यासाठी मधल्या वर्गात येतं, आणि २०२३ च्या आदेशातला १८ टक्के दर धरला तर ३७,००० वर ६,६६० मिळून महिन्याला ४३,६६० होतात. (केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी हे दर पुढे वाढले. आपल्या योजनेने कोणता दर लागू केला ते तिच्या परिपत्रकात बघावं. वसतिगृहात राहणाऱ्याला घरभाडं मिळत नाही.) ऑगस्ट २०२५ पासून तो एसआरएफ झाला, म्हणजे महिन्याला ४९,५६०. त्या आर्थिक वर्षात चार महिने पहिल्या दराने आणि आठ महिने दुसऱ्या दराने मिळून ५,७१,१२० रुपये झाले. बचत खात्याचं व्याज ६,००० आलं. विवरणपत्रात ५,७१,१२० ही रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात कलम १०(१६) निवडून दाखवायची. करपात्र उरतं फक्त ६,००० चं व्याज, आणि त्यावर काहीही कर बसत नाही.

बिघडतं ते प्रकल्पावर नेमलेल्यांच्या बाबतीत. प्रकल्प सहायकाला पैसे मिळतात ते दुसऱ्याच्या प्रकल्पाचं ठरलेलं काम करण्यासाठी. कागदोपत्री त्याला 'मानधन' म्हटलं तरी ती शिष्यवृत्ती आहे असं सांगणं अवघड असतं. शिवाय काही लेखाविभाग खऱ्या अधिछात्राच्या रकमेवरही व्यावसायिक शुल्क समजून १० टक्के कपात करतात. वरच्या उदाहरणात ती कपात ५७,११२ रुपये झाली असती. आपली रक्कम संस्थेने कशात धरली हे वर्षअखेरीस मिळणाऱ्या कागदावरून कळतं: फॉर्म १६ आला तर पगार, फॉर्म १६ए आला तर शुल्क. यांपैकी काहीच आलं नाही आणि फॉर्म २६एएसमध्ये कपात दिसत नसेल तर बहुधा शिष्यवृत्ती मानली आहे. चुकीची कपात झाली असेल तर विवरणपत्र भरूनच परतावा मागावा लागतो, आणि त्यासाठी निवडीचं पत्र जपून ठेवावं, कारण पैसे कशासाठी दिले हे तेच सांगतं. २०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. त्यामुळे एखाद्या कार्यालयाने फेलोशिपला पगार मानलं तरी इतक्या रकमेवर शेवटी कर बसत नाही. कपात झाली असेल तर ते पैसे परताव्यापर्यंत अडकून राहतात, हाच खरा त्रास.

करमुक्तीची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. अधिछात्राला भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, उपदान, बोनस आणि प्रवास सवलत यांतलं काहीही मिळत नाही. केंद्रीय विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन खात्यात मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्के रक्कम सरकारी वाटा म्हणून भरली जाते. पाच वर्षं काढून एसआरएफपर्यंत पोचलेल्या अधिछात्राच्या नावावर असं एकही खातं नसतं. प्रसूती रजा आहे, आणि ती मागायला संकोचू नये. पीएच.डी. करण्यात गेलेला काळ शिक्षकपदाच्या निवडीसाठी अध्यापनाचा किंवा संशोधनाचा अनुभव म्हणून धरायचा नाही, असंही यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून 'पाच वर्षं नोकरी केली' असं अर्जात लिहिलं तर ते तपासणीत टिकणार नाही.

बँकेच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात 'विद्यार्थी (संशोधक)' आणि उत्पन्नाच्या स्रोतात 'संशोधन अधिछात्रवृत्ती, दरमहा अमुक रुपये, अमुक तारखेपर्यंत' असं लिहावं. 'वेतन' लिहिलं की पगारपत्रक आणि फॉर्म १६ मागतात; ते देता येत नाही आणि अर्ज तिथेच अडकतो. पगारपत्रकाऐवजी निवडीचं पत्र, विद्यापीठाचा दाखला आणि सहा महिन्यांचा खाते उतारा जोडावा. मुदतीची तारीख लपवू नये, कारण अधिछात्रवृत्ती पाच वर्षांनी किंवा प्रबंध सादर झाल्यावर, यातलं जे आधी होईल तेव्हा, थांबते, आणि हप्ता त्यापुढे जाणार असेल तर बँक सहअर्जदार मागेल.