‘बजावणे’ आणि ‘कैफियत’: समन्सातले दोन शब्द

*प्रश्न: दिवाणी न्यायालयातून रजिस्टर पोस्टाने कागद आला. ‘हे समन्स तुमच्यावर बजावले आहे, नेमल्या तारखेस हजर राहून कैफियत द्यावी, न दिल्यास दावा एकतर्फी चालेल’ असं लिहिलंय. बजावलंय म्हणजे धमकी आहे का? कैफियत पत्राने पाठवली तर चालेल?*

धमकी नाही. घरात ‘आईनं बजावलं’ म्हणजे दम देऊन सांगितलं, पण कोर्टाच्या मराठीत ‘बजावणी’ म्हणजे कागद रीतसर तुमच्यापर्यंत पोहोचणं, एवढंच. मात्र हा थंड अर्थच जास्त महत्त्वाचा, कारण मुदत बजावणीच्या दिवसापासून मोजतात. लखोटा घेतल्याची तारीख आजच त्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार कैफियत द्यायला बजावणीपासून 30 दिवस मिळतात. कारण नोंदवून न्यायालय ही मुदत वाढवू शकतं, तीही बजावणीपासून 90 दिवसांपर्यंत. समजा, समन्स 3 जूनला हातात पडलं आणि हजर राहायची तारीख 20 जुलै आहे. बहुतेक लोक 20 जुलैची वाट बघत बसतात. पण 30 दिवस 3 जुलैलाच संपतात आणि 90 दिवस 1 सप्टेंबरला. नेमली तारीख ही हजेरीची आहे, तिनं कैफियतीची मुदत लांबत नाही. नव्वदीनंतरही साध्या दाव्यात सबळ कारण दाखवून परवानगी मिळाल्याची उदाहरणं आहेत, पण ती मेहेरबानी, हक्क नव्हे. व्यापारी दाव्यात तर 120 दिवसांनंतर दार बंदच होतं.

‘घेतलंच नसतं तर बरं झालं असतं’ असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो ऐकू नका. पोस्टमननं पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला, की न्यायालय समन्स बजावलं गेलं असं जाहीर करू शकतं. म्हणजे मुदत सुरू झाली आणि दाव्याची प्रत मात्र तुमच्या हाती नाही, अशी स्थिती होते.

आता कैफियत. मूळ अरबी ‘कैफ’, म्हणजे ‘कसे’. त्यावरून कैफियत म्हणजे कसं काय घडलं याची हकीकत. रोजच्या बोलण्यात ‘आपली कैफियत मांडणे’ म्हणजे गाऱ्हाणं सांगणं, आणि घोटाळा तिथंच होतो. माणूस न्यायाधीशांना चार पानी पत्र लिहितो: आमचे संबंध किती चांगले होते, वादीनं कसा विश्वासघात केला. कोर्टाची कैफियत म्हणजे दाव्यातल्या एकेका परिच्छेदाला दिलेलं उत्तर. तिथला कळीचा शब्द ‘नाकबूल’. दाव्यातलं जे विधान तुम्ही स्पष्टपणे किंवा ओघाने नाकारत नाही, ते मान्य केलं असं धरता येतं.

दाव्यात लिहिलंय, ‘प्रतिवादीने 12 एप्रिल रोजी 2 लाख रुपये रोख घेतले.’ तुम्ही उत्तर दिलंत, ‘12 एप्रिलला 2 लाख घेतले हे खरे नाही.’ वाचायला ठणठणीत वाटतं, पण ते निसटतं उत्तर आहे. मग 13 तारखेला घेतले? की दीड लाख घेतले? नाकारायचं असेल तर ‘ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग त्या दिवशी वा अन्य कोणत्याही दिवशी घेतला नाही’ असं लिहावं लागतं. म्हणून पोस्टानं पत्र धाडून काम भागत नाही. वकीलपत्र देऊन किंवा जातीनं हजर होऊन कैफियत पडताळणीसह दाखल करावी लागते.

‘एकतर्फी’ म्हणजे तुमच्या गैरहजेरीत वादीचंच ऐकून दावा पुढे नेणं. दावा चालू असतानाच योग्य कारण दाखवून हा हुकूम रद्द करून घेता येतो. दाव्याचा निकाल लागून हुकूमनामाच झाला, तर तो रद्द करण्याचा अर्ज 30 दिवसांत द्यावा लागतो. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर हे 30 दिवस हुकूमनामा कळल्यापासून धरतात.

एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण हटकून येते: हे समन्स की नोटीस? (लिंगही वेगळं. समन्स आलं, नोटीस आली.) वकिलाची नोटीस म्हणजे पक्षकाराचं वकिलामार्फत आलेलं पत्र, त्यावर न्यायालयाचा शिक्का नसतो. तिला उत्तर द्यायची सक्ती सहसा नसते, पण न वटलेल्या चेकची नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते. गंमत अशी, की न्यायालयही काही अर्जांवर ‘नोटीस’च काढतं, विशेषतः मनाई हुकुमाच्या अर्जावर. तेव्हा शीर्षकावर विसंबू नका. शिक्का, सही, ‘रे. मु. नं.’ यासारखा दाव्याचा क्रमांक बघा. कागदावर 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असेल, तर तो services.ecourts.gov.in वर टाका. दावा खरा असेल तर पुढची तारीख तिथं दिसेल.