त्याने सांगितलं होतं, ते चिठ्ठीत लिहा

*ताई, मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. सहामाहीत आठवीच्या एका मुलाचे गुण माझ्याकडून चुकले. पुरवणीवरचा सहावा प्रश्न मी तपासला होता, पण त्याचे ९ गुण बेरजेत धरायचे राहिले. ५० पैकी २८ ऐवजी १९ लागले आणि प्रगतिपुस्तकात 'निष्काळजी, घरी लक्ष द्यावे' असा शेराही गेला. दिवाळीची सुटी संपल्यावर गठ्ठा आवरताना हे माझ्या लक्षात आलं. (पेपर दाखवले तेव्हा तो टेबलापाशी आला होता, पण तेवढ्यात बेल झाली.) त्याची आई परवा गेटवर भेटली. मार्क बघून वडिलांनी त्याला नरकासुराला जाऊ दिलं नाही म्हणाली. तेव्हा मी काहीच बोलू शकले नाही. हेडमिस्ट्रेस म्हणतात, 'अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत' एवढंच लिहा, जास्त लिहिलंत तर बाकीचे पालकही येतील. वडील तापट आहेत. ते चिडू नयेत अशी चिठ्ठी कशी लिहू?*

टीचर, तुम्ही कंसात टाकलेलं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाच थांबले. पेपर दाखवताना मूल टेबलापाशी येतं ते बहुतेक वेळा गुणांत काहीतरी चुकलंय म्हणूनच. तो सांगायलाच आला होता. बेल झाली, तुम्ही त्याला जागेवर पाठवलंत आणि तो गेला.

आता पुढचं बघा. जे तुम्हाला सांगायला आला, ते त्याने घरी सांगितलंच असणार. आपल्याकडे अशा वेळी घरात काय उत्तर मिळतं ते तुम्हालाही ठाऊक आहे: 'टीचर चुकली आणि तू बरोबर?' गुण कमी पडले म्हणून एक राग, आणि वर खोटं बोलतो म्हणून दुसरा. वाड्यावरची पोरं पंधरा दिवस आधीपासून गवत, कागद, बांबू गोळा करतात, रात्रभर नरकासुरापाशी जागतात, पहाटे तो जाळतात. त्या रात्री हा मुलगा घरात बसून होता. ती रात्र त्याला परत देता येणार नाही. पण तो खरं बोलत होता, हे त्याच्या बापाला सांगू शकेल असं जगात एकच माणूस आहे, आणि ते तुम्ही आहात.

म्हणून वडील चिडू नयेत याची काळजी आधी सोडा. चिडतील, त्यांना चिडू द्या. माझं म्हणणं एकच आहे: चिठ्ठीत 'त्याने मला त्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही' हे वाक्य गेलंच पाहिजे. हेडमिस्ट्रेसनी बाकी सगळं कापलं तरी चालेल, हे कापू देऊ नका. 'अनवधानाने झालेली चूक' असं लिहिलंत की वाचणाऱ्याला कोण चुकलं, कुठे चुकलं, किती गुणांनी चुकलं, काहीच कळत नाही. त्यातून मुलगा मोकळा होत नाही. उलट बापाला वाटेल, शाळेने काहीतरी सांभाळून घेतलं.

मी असं लिहीन:

*'स.न.वि.वि. सहामाहीच्या गणिताच्या पेपरात आपल्या मुलाने पुरवणीवर सोडवलेला सहावा प्रश्न मी तपासला, पण त्याचे ९ गुण बेरजेत धरले नाहीत. त्यामुळे २८ ऐवजी १९ गुण लागले. ही चूक माझी आहे. पेपर दाखवले त्याच दिवशी तो हे सांगायला माझ्याकडे आला होता. मी पेपर न बघता त्याला जागेवर पाठवलं. त्याचं बरोबर होतं. "निष्काळजी" हा शेरा मी चुकीच्या गुणांवरून लिहिला होता, तो मागे घेते. मी आपली दोघांची आणि त्याची माफी मागते. प्रगतिपुस्तक सोमवारी त्याच्याबरोबर पाठवावे, मुख्याध्यापिकांच्या सहीने दुरुस्त करून त्याच दिवशी परत देईन. पेपर पाहायचा असल्यास शाळेत केव्हाही दाखवीन.'*

यात कामाचा व्याप नाही, पेपरांचा ढीग नाही, दिवाळीची घाई नाही. ते सगळं खरं असेल, पण ते ऐकायची वेळ त्या घराची नाही. चिठ्ठी दोघांच्या नावाने जाऊ द्या. गेटवर तुमच्याशी बोलली ती आई होती, आणि घरात त्या मुलाच्या बाजूने बोलायची वेळ आली तर हा कागद तिच्याच हातात लागेल.

चिठ्ठी आणि दुरुस्ती एकाच दिवशी झाली पाहिजे. गुण चार ठिकाणी असतात: पेपरच्या पहिल्या पानावरच्या चौकटीत, तुमच्या गुणयादीत, निकालपत्रकात आणि प्रगतिपुस्तकात. एका ठिकाणी २८ आणि दुसरीकडे १९ राहिले, तर वार्षिक निकाल लावताना जुना आकडाच पुन्हा उचलला जातो. व्हाइटनर लावू नका, आकडा गिरवूही नका. १९ वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारा, वर २८ आकड्यात आणि अक्षरात लिहा, बाजूला सही, तारीख आणि हेडमिस्ट्रेसची सही. खालची एकूण बेरीज आणि टक्केवारी बदलायला विसरू नका, लोक नेमकं तेच विसरतात. प्रगतिपुस्तक कॉम्प्युटरवरून निघत असेल तर नवीन प्रत द्या, पण जुनी फाडू नका, ती चिठ्ठीच्या प्रतीबरोबर फाइलला लावा.

शेऱ्याचं मात्र गुणांपेक्षा अवघड आहे. आकडा बदलला की तुम्हाला वाटेल काम झालं, आणि 'निष्काळजी' तिथेच राहील. तो खोडा. पण भरपाई म्हणून 'उत्तम प्रगती' लिहू नका, मुलाला ते लगेच कळतं. त्याचा पेपर पुन्हा काढा, सहाव्या प्रश्नात त्याने काय केलंय ते बघा आणि जे दिसेल ते लिहा. पायऱ्या नीट मांडल्या असतील तर 'पायऱ्या नीट मांडतो' एवढंच पुरे.

हेडमिस्ट्रेसना बाकीच्या पालकांची भीती वाटते, तर पालक यायच्या आधी तुम्हीच गठ्ठा सोडा. ज्यांनी पुरवणी घेतली होती तेवढेच पेपर वेगळे काढा आणि पहिल्या पानावरची चौकट बघा. न सोडवलेल्या प्रश्नासमोर तुम्ही रेघ मारत असाल, तर जिथे रेघही नाही आणि आकडाही नाही, तिथे पान उलटायचं राहिलंय. तासाभराचं काम आहे. आणखी एखादा सापडला तर त्याच्या घरीही अशीच चिठ्ठी जाईल. नाही सापडला, तर हेडमिस्ट्रेसच्या टेबलावर तसं सांगा आणि मग चिठ्ठीवर सही मागा. त्यांच्या पाठीमागून काही पाठवू नका. दुरुस्तीला त्यांची सही लागणारच आहे.

आणि चिठ्ठी पाकिटात घालून त्याच्या दप्तरात सरकवू नका. टीचरचं बंद पाकीट घरी नेणं काय असतं ते त्या मुलाने नुकतंच भोगलंय. मधल्या सुटीत त्याला बोलवा, पेपर समोर ठेवा, ९ कुठे राहिले ते त्यालाच दाखवू द्या, त्याच्याकडून बेरीज करून घ्या. मग माफी मागा, तोंडाने, स्पष्ट. नंतर चिठ्ठी त्याला वाचायला द्या आणि विचारा, यात काही चुकीचं लिहिलंय का? तो म्हणाला की त्या दिवशी असं झालं नव्हतं, तर त्याच्यासमोर ते वाक्य बदला. मगच पाठवा.