लग्नाचं वय वाढलं, पण पाळणा अजून लग्नालाच बांधलेला आहे

प्रश्न: आमच्या ओळखीत तिशी उलटली तरी मुलामुलींची लग्नं होत नाहीत आणि झाली तरी मूल आणखी उशिरा. लग्नाचं आणि पहिल्या मुलाचं सरासरी वय खरंच एवढं वाढलंय का? आणि त्यावरून समाज बदलल्याचं काय कळतं?

वाढलंय, पण तुमच्या ओळखीतलं चित्र हा त्यातला एक पातळ थर आहे. मी लोकसंख्याशास्त्र शिकले आणि काही काळ घरोघरी जाऊन पाहणीचं काम केलं. त्या अनुभवावरून सांगते की लग्नाचं वय आणि पहिल्या बाळंतपणाचं वय हे दोन आकडे सुटेसुटे पाहू नयेत. खरी गोष्ट कळते ती त्या दोहोंमधल्या अंतरावरून.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या मुलींपैकी कितीजणींचं लग्न अठराच्या आत झालं, हे मोजतात. 1992-93 मध्ये देशात हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. 2005-06 मध्येही ते 47 टक्के होतं. मग पुढच्या दहा वर्षांत ते झपाट्याने उतरलं आणि 2019-21 मध्ये 23 टक्क्यांवर आलं. महाराष्ट्रात ते 22 टक्क्यांच्या आसपास आहे. मुलगी दहावी-बारावीपर्यंत शाळेत टिकली की तेवढी वर्षं लग्न आपोआप पुढे जातं, हे यामागचं सगळ्यात मोठं कारण. नुसत्या सरासरीकडे पाहिलंत तर ही घसरण नीट दिसत नाही, कारण पंचवीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांचा आकडा काढला की त्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी झालेली लग्नंही येतात. आजचा बदल बघायचा तर तरुण गटाकडेच बघावं लागतं.

आता पहिल्या बाळंतपणाचं. याच पाहणीत पंचवीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांचं लग्नाचं मध्यक वय, म्हणजे ज्या वयापर्यंत निम्म्याजणींचं लग्न झालेलं असतं ते, एकोणिसाच्या जवळ आहे आणि पहिल्या बाळंतपणाचं एकवीसच्या थोडं पुढे. म्हणजे मध्ये जेमतेम दोन-अडीच वर्षं. लग्नाला वर्ष होत नाही तोच "गोड बातमी कधी?" हा प्रश्न सुरू होतो आणि तो विचारणाऱ्यांत शिकलेली माणसंही असतात. मुलीचं लग्न पुढे ढकलायला घरं तयार झाली, पण लग्नानंतर मूल पुढे ढकलायला अजून फारशी तयार नाहीत. पहिलं मूल होईपर्यंत सुनेचं घरातलं स्थान पक्कं होत नाही, ही समजूत तशीच आहे.

आणि तरीही महाराष्ट्राचा जननदर 1.7 आहे, म्हणजे एका बाईमागे दोनपेक्षाही कमी मुलं. हे कसं झालं? बहुतेकांना वाटतं की उशिरा लग्नं, म्हणून कमी मुलं. आपल्याकडे तसं झालेलं नाही. आपल्याकडे मुलं कमी झाली ती लवकर थांबवून. विशीत लग्न, पाठोपाठ दोन मुलं आणि पंचविशी-सव्विशीत ऑपरेशन, हा आपला रुळलेला क्रम. राज्यातल्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केलेली आहे. दोन मुलांमध्ये अंतर ठेवण्याची साधनं मात्र त्या मानाने फारच कमी वापरली जातात. अशी बाई तिशीच्या आधीच बाळंतपणातून मोकळी होते, पण तोवर शिक्षण सुटलेलं असतं आणि नोकरीचं दार बहुधा बंद झालेलं असतं. मूल कमी झालं म्हणजे तिच्या हाती जास्त निर्णय आले, असं म्हणूनच मला सरसकट म्हणवत नाही.

याच्या अगदी उलट दक्षिण कोरिया. तिथे 2023 मध्ये पहिलं लग्न करणाऱ्या बायकांचं सरासरी वय साडेएकतीस होतं, पहिल्या बाळंतपणाचं तेहतीस आणि जननदर 0.72. तिथेही लग्नाशिवाय मूल फारसं होत नाही, म्हणून लग्न लांबलं की मूलही लांबतं. फ्रान्समध्ये निम्म्याहून जास्त मुलं लग्नाबाहेर जन्मतात, त्यामुळे लग्नाचं वय वाढलं तरी जन्म त्याच्याशी तितकेसे बांधलेले नाहीत. या बाबतीत आपण कोरियाच्या जातकुळीतले आहोत, फ्रान्सच्या नव्हे. पुण्या-मुंबईतल्या तुमच्या ओळखीच्या घरांत जे चाललंय ती कोरियाच्या वाटेची सुरुवात असू शकते.

इथे एक हिशेब समजून घ्या, कारण बातम्यांमध्ये हमखास गफलत होते ती इथेच. समजा एका गावात दरवर्षी शंभर बायकांना पहिलं मूल होतं आणि त्यांचं सरासरी वय चोवीस आहे. पुढच्या दहा वर्षांत ते वय हळूहळू पंचवीस झालं. एकीनेही मूल नाकारलेलं नाही, प्रत्येकीला एक मूल होणारच आहे. तरी त्या दहा वर्षांत हजाराऐवजी नऊशेच जन्म नोंदले जातील, कारण उरलेले शंभर पुढे सरकले. जननदर दहा टक्क्यांनी पडलेला दिसेल. जननदरातून हा उशिराचा परिणाम वगळण्याची दुरुस्ती बोंगार्ट्स आणि फीनी या अभ्यासकांनी 1998 मध्ये मांडली. तेव्हा शहरातला जननदर घसरल्याची बातमी वाचली की आधी बघावं, पहिल्या बाळंतपणाचं वय त्या काळात सरकत होतं का. सरकत असेल तर त्या घसरणीतला काही भाग नुसता उशीर आहे. पण पुढे ढकललेलं सगळंच नंतर होतं असंही नाही. पस्तिशीनंतर गर्भधारणा अवघड होत जाते आणि दुसरं मूल बऱ्याचदा राहूनच जातं.

आता महाराष्ट्राच्या त्या 22 टक्क्यांच्या पोटात काय आहे ते पाहा. बीड आणि परभणीत अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण 40 टक्क्यांहून जास्त आहे. बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादम आगाऊ पैशांची उचल देतो ती कोयत्यावर आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो आणि त्यावर उचल मिळते. शिवाय आईबाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोर असतोच. अशा घरात लग्नाचं वय विचारलं की बाई आधी आपल्याकडे, मग सासूकडे बघते आणि "अठरा लिवा" म्हणते. आमच्या कागदांवर अठराच्या आकड्याशी दाटी व्हायची ती अशी.

मुलींचं कायदेशीर लग्नवय एकवीस करण्याचं विधेयक 2021 मध्ये संसदेत मांडलं गेलं. बीडमध्ये अठराचीच मर्यादा पाळली जात नसताना एकवीसने काय बदलेल, असं मला वाटतं. तिथे फरक पडतो तो हंगामी वसतिगृह वेळेवर, म्हणजे टोळ्या निघायच्या आधी सुरू झालं तर. मुलगी गावात राहिली, शाळा चालू राहिली, तर त्या वर्षीचं लग्न टळतं. वसतिगृह महिनाभर उशिरा उघडलं तर ती तोवर आईबापांबरोबर फडावर गेलेली असते.